वधूच्या मेकअपचे पॅकेज : हिशेब प्रत्येक लुकचा

तुळशीचे लग्न लागले की गोव्यात मुहूर्तांचा हंगाम सुरू होतो आणि मेकअप आर्टिस्टांची दरपत्रके घरोघरी फिरू लागतात. ती समोरासमोर ठेवून तुलना करणे मात्र सोपे नसते. एकाने तीन लुकचा एकच आकडा दिलेला असतो, तर दुसऱ्याने प्रत्येक लुकचा दर वेगळा लावून बाकीचे तळटिपेत टाकलेले असते.

मुळात ‘लुक’ म्हणजे काय, हे आधी निश्चित करावे. चेहरा धुऊन नव्याने केलेला पूर्ण मेकअप, नवी केशरचना आणि साडी नेसवणे, हा एक लुक. दुपारच्या मेकअपवरच लिपस्टिक बदलून केस मोकळे सोडणे हा केवळ बदल होय. काही पॅकेजांत हा बदलही स्वतंत्र लुक म्हणून मोजला जातो, आणि मग प्रति लुक दर स्वस्त भासतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वधूचे घर साखळीला, हळद घरीच, दुसऱ्या दिवशी फोंड्याच्या सभागृहात लग्न आणि सायंकाळी स्वागत समारंभ. लग्नाच्या वेळी आई, बहीण, काकी, मामी व वहिनी अशा पाच जणींनाही तयार व्हायचे आहे. मडगावच्या पहिल्या आर्टिस्टचे पॅकेज तीन लुकसाठी ४५,००० रुपये. त्यात घरच्या दोघी आणि एका दिवसाचा प्रवास धरलेला. उरलेल्या तिघींचे प्रत्येकी ३,००० प्रमाणे ९,०००, दुसऱ्या दिवसाचा प्रवास २,००० आणि परत न वळणारी ट्रायल २,५००. एकूण ५८,५०० रुपये.

दुसरीचा दर हळदीला ८,०००, लग्नाला १६,००० आणि स्वागत समारंभाला १४,००० म्हणजे ३८,०००. ट्रायलचे ३,००० रुपये बुकिंग झाल्यावर याच रकमेतून वजा होतात. दुपारी ती परत जाणार असल्याने फेऱ्या तीन, प्रत्येकी १,५०० प्रमाणे ४,५००. पाच जणींचे प्रत्येकी २,५०० प्रमाणे १२,५०० आणि वेगळ्या मदतनीसाचे ३,०००. बेरीज ५८,००० रुपये.

म्हणजे दरपत्रकावर एवढी भिन्न दिसणारी दोन्ही पॅकेजे अखेरीस ५०० रुपयांच्या फरकाने एकाच ठिकाणी येतात. खरा फरक पुढे दिसतो. हळदीला आर्टिस्ट नको असे ठरले, तर दुसरीच्या बिलातून लुक व फेरी मिळून ९,५०० रुपये कमी होऊन ते ४८,५०० वर येते. पहिलीकडे प्रवासाचे २,००० तेवढे वाचतात. पॅकेजची रक्कम तशीच राहते आणि १५,००० ला पडणारा लुक २२,५०० ला पडतो. हळदीच्या पिवळ्या पाण्यात तासाभरात धुऊन जाणाऱ्या मेकअपसाठी पूर्ण लुक खर्ची घालावा का, याचा विचार म्हणूनच बुकिंगच्या आधी व्हावा.

मदतनिसांचा प्रश्न पैशांपेक्षा वेळेचा आहे. मुहूर्त साडेअकराचा आणि छायाचित्रांसाठी साडेदहाला सर्वांनी तयार असायचे, असे धरू. वधूला अडीच तास लागतात, तेव्हा मुख्य आर्टिस्ट आठपासून तिच्यापाशीच अडकलेली असते. घरच्या प्रत्येकीला मेकअप व केसांसाठी पाऊण तास आणि साडीसाठी पाव तास धरला, तर पाच जणींचे पाच तास होतात. मदतनीस एकच असेल तर पहिलीला पहाटे साडेपाचला खुर्चीत बसावे लागेल; दोघी असतील तर साडेसातला. एकच मदतनीस येऊन सातला सुरुवात झाली, तर शेवटच्या दोघी घाईघाईत उरकल्या जातात, आणि त्यात बहुधा वधूची आईच असते. ‘दोघींचा मेकअप मोफत’ या ओळीत तो कोण करणार, हे म्हणूनच विचारून घ्यावे.

ट्रायलचे शुल्क वसूल होते ते ती नीट वापरली तरच. लग्नाच्या साडीच्या रंगाचे काही अंगावर घेऊन ती करावी आणि मेकअप सहा-सात तास तसाच ठेवावा. गोव्याच्या दमट हवेत नाकाच्या कडा आणि हनुवटी प्रथम सुटतात. दिवसाच्या उजेडात एक आणि फ्लॅश लावून एक छायाचित्र काढावे. काही बारीक पांढऱ्या पावडरी आरशात दिसत नाहीत, पण फ्लॅशमध्ये चेहरा मानेपेक्षा राखाडी-पांढरा उठतो. ट्रायल मुख्य आर्टिस्टने केली आणि लग्नाला सहकारी आली, तर त्या शुल्काला अर्थ उरत नाही. लग्नाच्या दिवशी कोण येणार, हे नावासह पावतीवर घ्यावे. आबोलीचे वळेसार, कृत्रिम केस आणि पापण्या, नऊवारी नेसवणे हे दरात आहे की नाही, आणि मुहूर्त पुढे गेल्यास आगाऊ रकमेचे काय होईल, हेही त्याच पावतीवर लिहून घेता येते.