आरशात लहान दिसणारी मोठी माणसं

अमेरिकेत बॉस्टन शहराजवळ मॅक्लीन नावाचं मानसोपचाराचं जुनं रुग्णालय आहे. तिथले डॉक्टर हॅरिसन पोप आणि त्यांचे सहकारी बॉडीबिल्डर तरुणांचा अभ्यास करत होते. स्टेरॉइड घेणारे आणि न घेणारे असे १०८ जण त्यांनी तपासले. १९९३ साली त्यांनी आपले निष्कर्ष छापले, तेव्हा त्यात एक विचित्र गोष्ट होती. या १०८ पैकी ९ जणांची पक्की समजूत होती की आपण किरकोळ आणि दुबळे दिसतो. प्रत्यक्षात ते चांगले धिप्पाड होते.

डॉक्टरांना हे चित्र उलट्या बाजूने ओळखीचं होतं. अ‍ॅनोरेक्सिया या आजारात हाडं दिसेपर्यंत वाळलेली मुलगीही स्वतःला जाड समजते आणि जेवण टाकते. इथे भरलेल्या दंडाचा मुलगा स्वतःला काडीपैलवान समजत होता. म्हणून त्यांनी याला 'उलटा अ‍ॅनोरेक्सिया' म्हटलं. ते नऊही जण स्टेरॉइड घेणारे होते आणि त्यांतल्या चौघांनी सांगितलं, की आपण लहान दिसतो या भावनेनेच आम्ही औषधाकडे वळलो.

चार वर्षांनी, १९९७ मध्ये, नाव बदललं. आता त्याला 'मसल डिसमॉर्फिया' म्हणू लागले. बदल फक्त शब्दांचा नव्हता. मूळ दुखणं जेवणाचं नाही, आपल्या शरीराकडे बघण्याचं आहे, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. आपल्या नाकात किंवा त्वचेत भयंकर दोष आहे असं मानून तासन्‌तास त्यातच अडकणाऱ्या लोकांचा एक आजार आधीपासून माहीत होता. हा त्याचाच भाऊ ठरला. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीतही तो त्याच सदरात नोंदला गेला.

मग ही नजर बिघडते कशी? पोप यांच्या गटाने याचा माग मुलांच्या खेळण्यांत काढला. 'जी. आय. जो' हा सैनिक बाहुला १९६४ पासून अमेरिकेत विकला जातो. त्यांनी जुने-नवे बाहुले आणून टेपने मोजले आणि हिशेब केला, की हा बाहुला पाच फूट दहा इंचांचा माणूस असता तर त्याचा दंड केवढा असता? १९६४ च्या बाहुल्याचा दंड निघाला सुमारे १२ इंच, म्हणजे साध्या माणसासारखा. १९९० च्या दशकातल्या एका नव्या बाहुल्याचा निघाला २६ इंचांहून जास्त! एवढा दंड त्या काळच्या नामांकित बॉडीबिल्डरांचाही नव्हता. पोरगं खेळत होतं आणि पुरुष कसा असतो याचं माप त्याच्या मनात ठरत होतं. बाहुल्यामुळेच आजार होतो असं यातून सिद्ध होत नाही, पण तीस वर्षांत आदर्श किती फुगला ते मात्र दिसतं.

२००० साली आणखी एक पाहणी आली. ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या तरुणांना संगणकावर शरीराची चित्रं दाखवून विचारलं, तुम्हाला कसं शरीर हवं? त्यांनी आपल्यापेक्षा सुमारे २८ पौंड, म्हणजे जवळजवळ १३ किलो, जास्त स्नायू असलेलं चित्र निवडलं. बायकांनाही असंच आवडत असणार, असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्ष स्त्रियांना विचारलं तर त्यांनी अगदी साधं, नेहमीचं शरीर निवडलं. म्हणजे ज्या नजरेसाठी ही मुलं घाम गाळत होती, ती नजर बाहेर कुठे नव्हतीच.

इथेच या आजाराचा फास आहे. दंड दोन इंचांनी वाढला तरी समाधान होत नाही, कारण उणीव दंडात नव्हती. मग स्टेरॉइड येतं. ते थांबवलं की स्नायू उतरतात, मन खचतं आणि जुनी भीती दुप्पट होऊन परत येते.

आज आपल्या मोहल्ल्यातही जिम आहेत. तिथे जाणारा प्रत्येक मुलगा आजारी नसतो, हे आधी सांगायला हवं. रोज दोन तास व्यायाम करून जो हसत घरी येतो, त्याचं काही बिघडलेलं नाही. खूण वेगळीच असते. मुलगा दिवसातून अनेकदा आरशापुढे उभा राहतो आणि तरीही उन्हाळ्यात सैल, जाड कपड्यांत अंग झाकतो. जिम चुकेल म्हणून लग्नाला येत नाही. घरचं जेवण टाळतो, कारण त्यातलं प्रोटीन मोजता येत नाही. दुखापत झाली तरी वजन उचलतो. अशा मुलाला "अरे, तू तर केवढा दांडगा आहेस!" असं सांगून उपयोग होत नाही. त्याला ते खोटं वाटतं. या विचारांची साखळी सोडवणारे मानसोपचार आहेत आणि गरज पडल्यास औषधंही आहेत. पण आधी घरच्यांना हे कळायला हवं, की या मुलाला आरशात जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही.