टेबलाची उंची ८२८

फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गॅलिलिओच्या टिपणांचा एक गठ्ठा आहे. हस्तलिखित क्रमांक ७२. त्यातल्या ११६ क्रमांकाच्या पानाची मागची बाजू मी मोबाइलवर झूम करून कितीतरी वेळ बघत बसलो होतो. साधारण १६०८ सालचं पान. एक आडवी रेघ, तिच्या टोकाकडून खाली झेपावणाऱ्या चार-पाच वक्ररेषा आणि आजूबाजूला आकडे. यंत्राचं चित्र नाही, प्रयोग कसा केला याचं वर्णनही नाही. टेबलाची उंची मात्र लिहिलेली आहे : ८२८ पुंती. पुंतो हे त्याचं मोजमाप, एक मिलिमीटरपेक्षा जरासं कमी. म्हणजे टेबल सुमारे ७८ सेंटिमीटर उंच.

अकरावीत आपण प्रोजेक्टाइल मोशन शिकतो तेव्हा सर फळ्यावर एक तिरका बाण काढतात, त्याचे दोन तुकडे करतात, आडवा `u cos θ` आणि उभा `u sin θ`, आणि पुढे निघतात. आडव्याला गुरुत्वाकर्षण नाही, उभ्याला आहे. वर्गात कुणी हरकत घेत नाही. पण या बाणाचे तुकडे पाडणं म्हणजे नुसती गणिताची सोय नाही. त्यात निसर्गाबद्दलचा एक धाडसी दावा आहे : चेंडू खाली पडतो तेव्हा तो पुढे किती वेगाने जातोय याची पडण्याला काही खबरच नसते. आणि पुढे जाण्याला पडण्याची.

हे तेव्हा मुळीच उघड नव्हतं. १५३७ मध्ये निकोलो तार्तालिया याने तोफगोळ्यांवर एक पुस्तक लिहिलं. जड वस्तूला एकाच वेळी ‘जबरदस्तीची’ आणि ‘नैसर्गिक’ अशा दोन गती असू शकत नाहीत, असं त्यात ठामपणे म्हटलं होतं. म्हणून त्याचा गोळा आधी सरळ रेषेत जातो, मग वर्तुळाच्या कमानीतून वळतो आणि शेवटी सरळ खाली येतो. एक गती संपली की दुसरीची पाळी. नऊ वर्षांनी त्यानेच सुधारून सांगितलं की मार्गाचा कुठलाही भाग अगदी सरळ नसतो. तरी तोफ ४५ अंशांवर ठेवली तर पल्ला सर्वांत जास्त, हे त्याने बरोबर सांगितलं होतं!

आता पानाकडे परत येऊ. गॅलिलिओने एक गोळी उतारावरून घरंगळत सोडली, टेबलाच्या कडेशी ती आडवी बाहेर पडू दिली आणि जमिनीवर कुठे आदळते ते मोजलं. उताराची उंची बदलली की गोळीचा आडवा वेग बदलतो. उताराच्या आधीच्या कामातून त्याला एक गोष्ट माहीत होती : वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. टेबल मात्र तेच. दोन गती खरोखर एकमेकींच्या आड येत नसतील, तर प्रत्येक गोळी, हळू असो की वेगवान, जमिनीवर यायला तेवढाच वेळ घेईल, सुमारे ०.४ सेकंद. मग अंतर फक्त आडव्या वेगावर ठरेल, म्हणजे तेही उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढेल.

३०० पुंती उंचीवरून सोडलेली गोळी ८०० पुंती लांब पडली. हा त्याने आधार धरला. उंची दुप्पट, ६०० केली, तर ८०० गुणिले २ चं वर्गमूळ, ११३१ यायला हवं. पडली ११७२ वर. शेजारी त्याने लिहून ठेवलं की इतकं यायला हवं होतं, आणि फरक ४१. मग ८०० उंचीला हवे १३०६, मिळाले १३२८. ८२८ ला हवे १३३०, मिळाले १३४०. १००० ला हवे १४६०, मिळाले १५००.

हे आकडे मला भयंकर आवडतात, कारण ते साफसूफ केलेले नाहीत. पण नीट बघा, चारही फरक एकाच बाजूला आहेत, गोळी दर वेळी अपेक्षेच्या पुढेच. निव्वळ हाताच्या चुका असत्या तर त्या दोन्हीकडे विखुरल्या असत्या. मला वाटतं, आधार धरलेलं ८०० हेच जरा कमी पडलेलं मोजमाप असावं. त्याच्या जागी ८१५ धरून पाहा : पाचही अंतरं दोन टक्क्यांच्या आत बसतात.

आणखी एक गंमत. आपल्या पाठ्यपुस्तकातल्या सूत्राने ३०० उंचीचं उत्तर काढलं तर ८०० नाही, ९९७ येतं. गॅलिलिओचा प्रयोग फसला का? नाही. गोळी घसरत नव्हती, घरंगळत होती. तिची काही ऊर्जा स्वतःभोवती फिरण्यात गेली. सपाट उतारावर घरंगळणाऱ्या भरीव गोळीचा हिशेब केला तर ८४२ येतं, आणि ती खाचेतून घरंगळत असेल तर त्याहून कमी. गॅलिलिओला हे फिरण्याचं गणित ठाऊक नव्हतं. पण ही घट प्रत्येक वेळी त्याच प्रमाणात होते, म्हणून दोन अंतरांच्या गुणोत्तरातून ती गळून पडते. त्याने गुणोत्तरंच तपासली, त्यामुळे वाचला.

हे सगळं छापायला त्याला तीस वर्षं लागली. मध्ये १६३२ मध्ये त्याचाच शिष्य काव्हालिएरी याने अन्वस्ताची, म्हणजे पॅराबोलाची गोष्ट आपल्या पुस्तकात आधी छापून टाकली आणि गॅलिलिओ चांगलाच दुखावला. अखेर १६३८ मध्ये, तो नजरकैदेत असताना आणि दृष्टी गेलेली असताना, हॉलंडमधल्या लायडनला पुस्तक निघालं. त्यात ४५ अंशांना १०,००० धरून प्रत्येक कोनाच्या पल्ल्याचा तक्ता आहे. ४० अंशांपुढे ९८४८, ५० अंशांपुढेही ९८४८. तोफवाल्यांना ४५ अंश अनुभवाने माहीत होते, पण ४५ पासून सारख्याच अंतरावरच्या दोन कोनांना पल्ला सारखाच असतो, हे कागदावरून निघालं.

कसं, ते २० मीटर प्रतिसेकंद वेगाच्या चेंडूवर बघू, `g` १० धरून. ३० अंशांवर उभा वेग १०, आडवा १७.३. वर जायला १ सेकंद, कमाल उंची ५ मीटर, हवेत एकूण २ सेकंद, पल्ला ३४.६ मीटर. आता ६० अंश. उभा वेग १७.३, आडवा १०. दोघांनी फक्त जागा बदलल्या! उंची तिप्पट, १५ मीटर. हवेत ३.४६ सेकंद, पण पुढे सरकणं सेकंदाला १० मीटरच. पल्ला पुन्हा ३४.६.

तक्ता तोफांना चालेल, असं मात्र गॅलिलिओने म्हटलं नाही. बंदुकीच्या दारूचा वेग त्याला निसर्गाबाहेरचा वाटत होता. तक्ते कमी दारूच्या उखळी तोफांपुरतेच, असं त्याने स्पष्ट लिहिलं. पुढे १७४२ मध्ये इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने लोंबत्या ठोकळ्यावर गोळी झाडून तिचा वेग मोजण्याची युक्ती छापली, आणि हवा किती अडवते हे पहिल्यांदा आकड्यांत आलं. २४ पौंडी गोळा सेकंदाला १६५० फुटांनी सुटला तर ४५ अंशांवर सूत्र १६ मैल देतं. प्रत्यक्षात तो तीन मैलही जात नाही.

इथे नुसता पल्ला घटत नाही, बाणाचे तुकडेच पुन्हा एकमेकांत गुंततात. हवेचा अडथळा साधारणपणे एकूण वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे आडव्या दिशेला किती अडथळा होणार हे उभा वेग किती आहे त्यावरही ठरतं, आणि दोन दिशांची गणितं वेगवेगळी सोडवता येत नाहीत. कमाल पल्ल्याचा कोनही मग ४५ राहत नाही. मार्ग एका बाजूला कलतो : चढण लांब आणि जवळजवळ सरळ, मग वळण, मग उभी घसरण. तार्तालियाने त्याच्या पुस्तकात काढलेला मार्ग साधारण असाच दिसतो.