पगार कंपनीकडे नाही, जहाजाच्या अंगावर असतो

सीबीडी बेलापूरमध्ये ऑफिस असलेल्या कुणालाही हे चित्र सवयीचं आहे. स्टेशनवरून बाहेर पडलं की एका हातात प्लास्टिकची फाइल आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेतलेली विशी-बाविशीची मुलं दिसतात. बिहार, उत्तर प्रदेश, केरळ आणि आपलं कोकण, सगळीकडची. फायलीत पासपोर्ट, सीडीसी आणि मेडिकलचे कागद. आम्ही आयटीवाले वर काचेच्या ऑफिसात बसतो आणि त्याच इमारतींत बोटीवर माणसं पाठवणाऱ्या एजन्सी असतात. लिफ्टमध्ये रोज भेट होते. पण बोटीवर चढल्यानंतर ह्या मुलांचं काय होतं, हे आपल्याला कधी माहीत नसतं. कंपनी बुडाली तर मला दुसऱ्या दिवशी लॅपटॉप परत करून घरी जाता येतं. बोटीवरच्या माणसाला तेही जमत नाही. तेव्हा ह्या वीकेंडला एका मुंबईच्या कंपनीची गोष्ट.

जहाजाचं नाव 'मालवीय सेव्हन'. उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींना माल पोचवणारं सप्लाय जहाज, भारतीय झेंड्याखालचं. मालक मुंबईची जीओएल ऑफशोअर, म्हणजे पूर्वीची ग्रेट ऑफशोअर. ही कंपनी 2009 साली मोठ्या चुरशीनंतर भारती शिपयार्डने घेतली होती, त्यांचा एक कारखाना आपल्या रत्नागिरीत होता. पुढे 2014 नंतर तेलाचे भाव कोसळले, समुद्रातली कामं बंद पडू लागली आणि सप्लाय बोटींचा धंदा बसला. असा धंदा बसला की सगळ्यात आधी काय थांबतं? बँकेचा हप्ता नाही, डिझेलही नाही. थांबतो तो खलाशांचा पगार. डिझेलवाला पैसे मिळेपर्यंत डिझेल देत नाही. खलाशी मात्र बोटीवरच राहत असतो, त्याचं काम आपोआप चालूच राहतं.

जून 2016 मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीन बंदरात ब्रिटनच्या सागरी खात्याने हे जहाज अडवलं. कारण होतं खलाशांचे थकलेले पगार. काही पैसे आले आणि जहाज सुटलं. ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेच झालं आणि जहाज पुन्हा अडकलं, ते कायमचंच. सुरुवातीला बोटीवर चोवीस माणसं होती. हळूहळू काही घरी गेली, उरलेली स्कॉटलंडच्या थंडीत धक्क्याला बांधलेल्या बोटीवर राहिली. गावातली माणसं आणि खलाशांसाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्था त्यांना मदत करत होत्या.

इथे तुम्ही म्हणाल, अरे मग विमानाचं तिकीट काढा आणि या की घरी! मलाही पहिल्यांदा हाच प्रश्न पडला होता. ह्याचं उत्तर कळायला थोडा इतिहास बघावा लागतो.

परक्या बंदरात टाकून दिलेला खलाशी ही काही नवी गोष्ट नाही, आणि त्यात आपली माणसं पहिल्यापासून आहेत. आगबोटींच्या काळात पी अँड ओ कंपनीच्या डेकवर रत्नागिरीकडची माणसं असत, भटारखान्यात आणि सलूनमध्ये गोव्याची. गोरे लोक त्यांना लास्कर म्हणत. लंडनला बोट रिकामी झाली की परतीच्या फेरीपर्यंत हे लोक तिथल्या गल्ल्यांत उपाशीतापाशी पडून राहत. त्यांच्यासाठी 1857 साली लंडनच्या लाइमहाउस भागात खास वसतिगृह उघडावं लागलं. खलाशाला घरी परत पाठवण्याची जबाबदारी कुणाची, ह्यावर आंतरराष्ट्रीय करार झाला तो 1926 साली. करार झाला खरा, पण मालकच गायब झाला तर खर्च कोण करणार, हा प्रश्न तसाच राहिला.

पुढे 23 फेब्रुवारी 2006 ला जिनिव्हात सदतीस जुने करार एकत्र करून एकच मोठा करार तयार झाला: मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, बोटीवरच्या भाषेत एमएलसी. तो अमलात आला 20 ऑगस्ट 2013 ला. ब्रिटनमध्ये तो 2014 मध्ये लागू झाला, भारताने ऑक्टोबर 2015 मध्ये मान्यता दिली आणि वर्षभराने तो आपल्यालाही लागू झाला. ह्यातली सगळ्यात कामाची गोष्ट अशी, की जहाज ज्या बंदरात येईल तिथलं सरकार त्याची तपासणी करू शकतं आणि पगार थकले असतील तर जहाज अडवू शकतं. अ‍ॅबरडीनला नेमकं हेच झालं. भारतीय मालक, भारतीय झेंडा, भारतीय खलाशी, आणि जहाज अडवलं स्कॉटलंडच्या बंदरातल्या अधिकाऱ्याने.

पण जहाज अडवलं म्हणजे पैसे मिळाले असं नाही. पैसे मिळतात ते एका फार जुन्या हक्कामुळे. त्याला मेरिटाइम लियन म्हणतात. मला ही कल्पना भयंकर आवडली. आपला पगार कंपनी देणं लागते. कंपनी बुडाली की आपण रांगेत उभे. खलाशाचा पगार मात्र प्रत्यक्ष जहाज देणं लागतं! मालक बदलो, कंपनी दिवाळखोर होवो, तो दावा जहाजाच्या लोखंडाला चिकटलेला असतो. कोर्टाने जहाज विकलं की त्या पैशांतून पगाराचा नंबर बँकेच्या तारणाच्याही आधी लागतो. आपल्याकडे 2017 च्या अ‍ॅडमिरल्टी कायद्याने हेच स्पष्ट लिहून ठेवलं: लियनच्या यादीत पहिला नंबर खलाशांचे पगार आणि घरी पाठवण्याचा खर्च. बाकीच्या लियनची मुदत एक वर्ष, पगाराची दोन वर्षं. तेवढ्या काळात जहाज कोर्टाकडून जप्त झालं पाहिजे.

आता कळलं ना, ती माणसं बोट सोडून का गेली नाहीत? कायद्याने बघितलं तर घरी गेल्याने लियन मरत नाही. पण बोटीवर कुणीच नसेल तर बंदराच्या भाड्याचं बिल वाढत जातं, जहाजाची किंमत उतरत जाते, आणि रत्नागिरीत किंवा पाटण्यात बसून अ‍ॅबरडीनच्या कोर्टात दावा चालवणं जवळजवळ अशक्य. बोट हीच त्यांची एफडी होती, आणि ते तिच्यावर बसून राहिले.

आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ, म्हणजे आयटीएफ, त्यांच्या मदतीला आला. अ‍ॅबरडीनच्या शेरीफ कोर्टात दावा लागला आणि 2017 मध्ये कोर्टाने जहाज विकायचा हुकूम दिला. पावणेपाच लाख पौंडांच्या आसपास रक्कम आली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये उरलेले खलाशी घरी परतले. रक्कम सगळी थकबाकी भागवण्याइतकी नव्हती. लियनची मर्यादा इथे दिसते: तुमचा नंबर पहिला असला, तरी जहाज जेवढ्याला विकेल तेवढंच मिळतं. ह्याच कंपनीचं दुसरं जहाज, 'मालवीय ट्वेंटी', इंग्लंडमध्ये ग्रेट यार्मथला अडकलं होतं. त्यावरचे शेवटचे चार जण सुटायला 2018 चा उत्तरार्ध उजाडला.

दीड वर्ष लियनवर बसून राहणं हा काही उपाय नव्हे, हे जिनिव्हातल्या लोकांनाही कळत होतं. म्हणून 2014 साली एमएलसीत दुरुस्ती झाली, ती 18 जानेवारी 2017 ला अमलात आली. मालवीय सेव्हनवर पगार थकले तेव्हा ती नव्हती. आता मात्र प्रत्येक खलाशाने ती पाठ करावी अशी आहे.

पहिली गोष्ट, 'टाकून दिलं' म्हणजे काय ह्याची व्याख्या झाली. मालक घरी जायचा खर्च देत नसेल, किंवा अन्न, पाणी, औषध, जनरेटरपुरतं इंधन मिळत नसेल, किंवा त्याने संबंधच तोडले असतील, ज्यात कमीत कमी दोन महिने पगार न देणं धरलेलं आहे. तिन्हींपैकी एक पुरेसं. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन महिन्यांचा टाइमआउट.

दुसरी गोष्ट, मालकाने आधीच विमा किंवा तशी हमी घेतलेली असली पाहिजे. तिचं सर्टिफिकेट बोटीवर सगळ्यांना दिसेल अशा जागी, इंग्रजीत लावलेलं पाहिजे, आणि त्यावर विमावाल्याचा संपर्क असतो. खलाशी मालकाला न विचारता थेट तिथे दावा करू शकतो. मालकाने हप्ता थकवला म्हणून विमावाल्याला एका रात्रीत हात झटकता येत नाहीत, ज्या देशाचा झेंडा आहे त्याला तीस दिवस आधी कळवावं लागतं.

आता एक हिशेब करू. समजा एका मुलाचा पगार महिना 1,000 डॉलर आहे आणि सात महिने मिळालेला नाही. विमा जास्तीत जास्त चार महिन्यांचा थकलेला पगार देतो, म्हणजे 4,000 डॉलर, वर जेवणखाण, औषधपाणी आणि घरापर्यंतचा प्रवास. उरलेले 3,000? ते लियनमध्ये, म्हणजे कोर्ट, लिलाव आणि वाट बघणं. तिसऱ्या महिन्यात तक्रार केली असती तर जवळजवळ सगळं विम्यातच आलं असतं. पण होतं काय, कॅप्टन म्हणतो पुढच्या बंदरात पैसे येतील, एजंट म्हणतो तक्रार केलीस तर पुन्हा बोट मिळणार नाही, आणि पोरगं सातव्या महिन्यापर्यंत गप्प बसतं. चार महिन्यांची ती रेघ ओलांडली की प्रत्येक महिना आपल्याच खिशातून जातो.

तिसरी अडचण आणखी वाईट, आणि ती बेलापूरच्या लिफ्टमध्ये सुरू होते. ज्या बोटीला विमाच नाही, झेंडा कुठला ते नीट माहीत नाही, ती बोट मुळात चांगल्या एजन्सीकडून मिळत नाही. भारतात खलाशी भरती करायला डीजी शिपिंगचं लायसन्स लागतं, बोटवाले त्याला आरपीएसएल म्हणतात. त्याचा नंबर खात्याच्या वेबसाइटवर तपासता येतो. आणि एमएलसीप्रमाणे नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेताच येत नाहीत. मेडिकल, पासपोर्ट आणि सीडीसीचा खर्च त्याचा, बाकी मालकाचा. म्हणजे जो एजंट 'जॉइनिंग'साठी दोन-तीन लाख मागतो, त्याने पहिल्याच भेटीत आपली ओळख दिलेली असते. त्याच्यामार्फत गेलेल्या मुलाचं नाव कुठल्याच यादीत नसतं. बोट अडकली की आधी तो बोटीवर आहे हेच सिद्ध करावं लागतं.

हे सगळं आता कमी झालं असेल असं वाटत असेल, तर नाही. आयटीएफच्या मोजणीप्रमाणे 2024 मध्ये 312 जहाजांवर तीन हजारांहून जास्त खलाशी असे टाकून दिले गेले, आणि देशवार यादीत सगळ्यात वर आपण होतो, 899 भारतीय.

तेव्हा नात्यात, बिल्डिंगमध्ये कुणी पहिल्यांदा बोटीवर जात असेल, तर एवढं करा. निघण्याआधी आरपीएसएल नंबर तपासा. सही केलेल्या कराराची एक प्रत घरी ठेवायला सांगा. आणि बोटीवर चढल्या दिवशी भिंतीवरच्या त्या सर्टिफिकेटचा फोटो काढून घरच्यांना पाठवायला सांगा. सर्टिफिकेट भिंतीवर नसेल, तर ते बंदर सोडायच्या आत समजलेलं बरं.