सोन्याचा टंच : अग्निपरीक्षण आणि हातातील क्ष-किरण यंत्र

सोन्याची शुद्धता हजार भागांत मोजतात. २२ कॅरट म्हणजे ९१६. ती काढण्याच्या दोन प्रमुख पद्धती म्हणजे अग्निपरीक्षण (फायर असे) आणि क्ष-किरण तपासणी (एक्सआरएफ). पहिलीत सोने वेगळे करून प्रत्यक्ष तोलतात. दुसरीत पृष्ठभागाकडून परतणाऱ्या किरणांवरून प्रमाण काढतात.

अग्निपरीक्षण. दागिन्यातून साधारण पाव ग्रॅम सोने काढून अचूक तोलतात. त्यात सोन्याच्या अडीच-तीनपट चांदी घालून सगळे शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि मॅग्नेशिया किंवा हाडांच्या राखेच्या सच्छिद्र वाटीत सुमारे १०५० ते ११०० अंश सेल्सिअसला तापवतात. शिशाचे ऑक्साइड तांबे-जस्ताला घेऊन वाटीत जिरते आणि सोन्याचांदीचा मणी उरतो. तो ठोकून, लाटून, गुंडाळी करून नायट्रिक आम्लात दोनदा उकळतात. चांदी विरघळते. ती मुद्दाम जास्त घातलेली असते, कारण ती कमी पडली तर सोन्याच्या आत अडकून राहते आणि आम्ल तिच्यापर्यंत पोचत नाही. तरीही किंचित चांदी मागे राहतेच, म्हणून शुद्ध सोन्याचा ताडनमुना सोबत चालवतात.

समजा, नमुना २५०.० मिलिग्रॅमचा आहे आणि शेवटी गुंडाळी २२९.२ भरली. ताडनमुन्यात ०.१ मिलिग्रॅम जास्त आले, तर तेवढे वजा करून २२९.१ उरतात, शुद्धता ९१६.४. काळजीपूर्वक केलेल्या परीक्षणात चूक हजारी अर्ध्या भागाच्या आत राहते. पण इरिडियम वा रुथेनियमची भेसळ असेल, तर हे धातू आम्लात विरघळत नाहीत आणि सोन्याच्याच वजनात मोजले जातात.

क्ष-किरण यंत्र. किरण पडताच प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत सोडते. काही सेकंदांत घटकांची यादी मिळते, दागिन्याला ओरखडाही उठत नाही आणि इरिडियम-रुथेनियमही बहुधा दिसते. चांगल्या यंत्राची चूक साधारण हजारी दोन ते पाच भाग असते. मात्र सोन्यात नजर पोचते ती जेमतेम मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. जाड मुलामा दिलेला डाग खरा ठरू शकतो. आम्लात उजळलेल्या दागिन्याच्या पृष्ठभागावरचे तांबे निघून गेलेले असते, म्हणून आकडा चढतो. डाखावर किरण पडले तर आकडा बहुधा उतरतो.

वापर. पेढीवर जुने सोने घेताना आणि तारणकर्जात यंत्र सोयीचे. मोड वितळवून लगडीच्या ताज्या कापावर घेतलेला आकडा अधिक विश्वासार्ह असतो. भारतातील हॉलमार्किंग केंद्रांत आधी एक्सआरएफने छाननी करतात आणि मग नमुना काढून अग्निपरीक्षण होते. शुद्धतेवरून वाद झाला तर अग्निपरीक्षणाचाच आकडा ग्राह्य धरावा.