पंचाहत्तर सेंटचा फरक

संगणकाच्या सुरक्षेची तपासणी करणारा माणूस दोन प्रश्न विचारतो. आत शिरण्याचे फसलेले प्रयत्न कोणी व किती केले? आणि आत आलेल्यांपैकी कोणी कोणती आज्ञा चालवली? हे प्रश्न वरवर सोपे वाटतात. त्यांची उत्तरे मिळवणे किती कठीण असते, हे 1986 साली अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत घडलेल्या एका प्रकरणावरून आपल्याला चांगले समजते.

त्या काळी मोठा संगणक अनेकजण मिळून वापरत आणि वापरलेल्या वेळेचे पैसे प्रत्येकाच्या खात्यावर लावले जात. ऑगस्ट 1986 मध्ये या हिशेबात 75 सेंटचा फरक आला. तो शोधण्याचे काम क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाकडे आले. दुर्बिणीच्या कामाचा निधी संपल्यामुळे तो नुकताच संगणक विभागात आला होता. प्रयोगशाळेत हिशेबाच्या दोन पद्धती होत्या. एक युनिक्स प्रणालीची स्वतःची आणि दुसरी तिथल्याच लोकांनी लिहिलेली. पहिलीत ‘हंटर’ नावाच्या खात्याने काही सेकंद वापरल्याची नोंद होती; दुसरीत त्या नावाला बिलाचा पत्ताच नव्हता. दोन स्वतंत्र नोंदी जुळल्या नाहीत, म्हणूनच शंका आली. नोंद एकच असती तर तीच खरी मानली गेली असती.

थोड्याच दिवसांत ‘डॉकमास्टर’ नावाच्या दूरच्या संगणकाकडून निरोप आला की, तुमच्या प्रयोगशाळेतून कोणीतरी आमच्याकडे शिरण्याचा प्रयत्न केला. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. फसलेल्या लॉगइनची नोंद होते ती ज्याचे दार ठोठावले त्याच्याकडे. जिथून तो प्रयत्न झाला त्या संगणकाला त्यात काही वावगे दिसेलच असे नाही. स्टोलने त्या वेळेच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा ‘स्वेंटेक’ हे खाते वापरात असल्याचे आढळले. पण जो स्वेंटेक तो तर इंग्लंडमध्ये होता! म्हणजे नोंद खात्याचे नाव सांगत होती, माणसाचे नाही.

आता दुसरा प्रश्न: हा पाहुणा आत काय करतो? संगणकातच नोंद ठेवावी, तर सर्वाधिकार मिळवलेला माणूस ती पुसून टाकू शकतो. म्हणून स्टोलने बाहेरून येणाऱ्या सुमारे 50 तारांवर उसने आणलेले प्रिंटर व टर्मिनल जोडले. तारेतून जाणारे प्रत्येक अक्षर कागदावर उमटू लागले, आणि संगणकात बसलेल्याला त्याचा पत्ताही नव्हता.

त्या कागदाने सारे उलगडले. ‘जीएनयू इमॅक्स’ या संपादकातील टपाल हलवणाऱ्या प्रोग्रॅमला कोणत्याही जागी फाइल ठेवण्याचा अधिकार चुकून मिळाला होता. त्याच्या मदतीने घुसखोराने `atrun` या प्रोग्रॅमच्या जागी स्वतःचा प्रोग्रॅम ठेवला. संगणक `atrun` दर पाच मिनिटांनी सर्वाधिकारासह चालवी. पाच मिनिटांत घुसखोर मालक झाला! केवळ लॉगइनच्या नोंदीवरून हे कधीच कळले नसते.

पुढे टेलिफोनच्या तारांचा माग काढत हा शोध जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत पोचला. घुसखोराने सुमारे 450 संगणकांवर प्रयत्न केले व 30 हून अधिक ठिकाणी तो शिरला. फसलेल्या प्रयत्नांकडे फार थोड्या ठिकाणी लक्ष गेले. 1990 मध्ये मार्कुस हेस व त्याचे साथीदार हेरगिरीबद्दल दोषी ठरले.

आज प्रिंटर जोडावे लागत नाहीत. ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ या डेटाबेसच्या सर्व्हरवर एवढ्या ओळी पुरतात:

```
log_connections = on
log_statement = 'all'
log_line_prefix = '%m [%p] %u@%d %h '
```

प्रत्येक ओळीआधी वेळ, प्रक्रियेचा क्रमांक, खाते, डेटाबेस व कुठून जोडणी झाली तो पत्ता उमटतो. पासवर्ड चुकला तर `password authentication failed` अशी ओळ येते. एकाच पत्त्यावरून अनेक खात्यांसाठी अशा ओळी येऊ लागल्या आणि शेवटी एक जोडणी यशस्वी झाली, तर तिच्या प्रक्रियेचा क्रमांक धरून पुढच्या आज्ञा वाचायच्या.

परंतु जुन्या अडचणी कायम आहेत. संस्थेचे सर्व कर्मचारी एकाच प्रोग्रॅममार्फत एकाच खात्याने येत असतील, तर `%u` पाशी सर्वत्र तेच नाव दिसते. तेव्हा प्रोग्रॅमनेही आपली नोंद ठेवावी आणि दोन्ही नोंदी वेळेनुसार जुळवाव्यात. त्यासाठी दोन्ही घड्याळे एक हवीत. सर्वाधिकारी माणूस ही नोंद बंद करू शकतो, म्हणून तिची प्रत लगोलग दुसऱ्या यंत्रावर जायला हवी. शिवाय नवा पासवर्ड देणारी आज्ञा नोंदीत जशीच्या तशी उतरू शकते, आणि घाईत नावाच्या जागी पासवर्ड टाइप केला तर फसलेल्या लॉगइनच्या ओळीत तोही दिसतो. म्हणून नोंदवही कोण वाचू शकतो, हा प्रश्न तपासणाऱ्याने सर्वांत आधी विचारावा.