वहीच्या पानावरचं मृत्युपत्र

आजोबांच्या कपाटात एक वहीचं पान सापडलं. खाली त्यांची सही, तिच्याखाली दोन साक्षीदारांच्या सह्या. स्टॅम्प नाही, रजिस्ट्रेशन नाही. घरातले म्हणाले, "हे काय कोर्टात चालणार?" मलाही तसंच वाटलं होतं. चुकीचं होतं.

आधी थोडं मागे जाऊ. आपल्याकडे एके काळी हिंदू माणूस तोंडीसुद्धा मृत्युपत्र करू शकत असे. 1870 च्या हिंदू विल्स अॅक्टने मुंबई शहरात लेखी मृत्युपत्र आणि दोन साक्षीदार आणले. पण गावाकडे तोंडी प्रकार चालूच राहिला, थेट 1 जानेवारी 1927 पर्यंत. त्यानंतर भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम 63 सगळ्या हिंदूंना लागू झालं. ते दोन साक्षीदार मागतं. रजिस्ट्रेशन मागत नाही, आणि 1908 च्या नोंदणी कायद्यातही मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिकच आहे.

मग कोर्ट कशाला? कारण ज्याची सही आहे, तो आता सांगायला नाही. म्हणून कायदा साक्षीदाराकडे वळतो. प्रत्येक साक्षीदाराने मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं हवं, किंवा "ही माझी सही" असं त्याच्या तोंडून ऐकलेलं हवं. आणि मग स्वतःची सही त्याच्यासमोर केलेली हवी. दोघे एकाच वेळी हजर असायलाच हवेत असं नाही. मृत्युपत्र सिद्ध करताना, हयात असलेल्या साक्षीदारांपैकी किमान एकाला कोर्टात आणावंच लागतं. रजिस्टर्ड मृत्युपत्रालाही यातून सूट नाही! हे वाचून मी चाटच पडलो.

"किमान एक" या शब्दांत मात्र मोठी गोम आहे. महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2002 मध्ये निकाल दिला. एक साक्षीदार कोर्टात आला. त्याने स्वतःपुरतं सांगितलं, पण दुसऱ्या साक्षीदाराने रीतसर सही केली हे काही त्याच्या जबानीतून सिद्ध होईना. दुसरा साक्षीदार हयात होता, बोलावता आला असता, पण बोलावलंच नाही. मृत्युपत्र सिद्ध झालं नाही. म्हणजे एकच साक्षीदार पुरतो, पण त्याला दोन्ही सह्यांबद्दल सांगता आलं पाहिजे. नाही तर दुसऱ्यालाही आणा. दोघेही वारले असतील तर वाट वेगळी: निदान एका साक्षीदाराचं हस्ताक्षर आणि मृत्युपत्र करणाऱ्याची सही ओळखणारं कुणी तरी लागतं.

आमच्या पानावरचे एक काका वारले. दुसरे शेजारच्या गल्लीत राहतात, वय झालंय. परवा त्यांच्याकडे गेलो आणि विचारलं, "काका, त्या दिवशी काय काय झालं होतं?" ते म्हणाले, "तुझ्या आजोबांनी माझ्यासमोर सही केली, मग मी केली." मी विचारलं, "आणि त्या दुसऱ्या काकांनी?"

काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी चहा घ्यायला आत गेलो होतो की काय, आठवत नाही रे."