लीज दायित्वाचा मुदतनिहाय तक्ता

भाड्याने घेतलेल्या जागा, यंत्रे, वाहने यांपोटी कंपनीला पुढे किती रक्कम आणि कधी द्यावी लागणार आहे, हे वित्तीय विवरणांच्या टीपांमध्ये दाखवणारा तक्ता. भारतात इंड एएस लागू असलेल्या कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून इंड एएस ११६ नुसार तो द्यावा लागतो. हे मानक येण्याआधी ऑपरेटिंग लीजचे भाडे फक्त खर्चात दिसे आणि पुढच्या वर्षांची बांधिलकी टीपेत राही. आता भाडेकरू कंपनीच्या ताळेबंदात एका बाजूला वापरहक्काची मालमत्ता आणि दुसऱ्या बाजूला लीज दायित्व येते. अल्पमुदतीच्या (१२ महिने किंवा कमी) आणि कमी किमतीच्या वस्तूंच्या लीजना सवलत घेता येते. मग त्यांचे भाडे थेट खर्चात जाते आणि ती रक्कम टीपेत वेगळी सांगावी लागते.

तक्त्यातील रकमा सवलतदर न लावता, करारात ठरल्याप्रमाणे पूर्ण लिहायच्या असतात. ताळेबंदातील दायित्व मात्र वर्तमान मूल्याने येते. हा फरक उदाहरणातून स्पष्ट होतो. एका कंपनीने १ एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी कार्यालय घेतले. भाडे वर्षाला १० लाख रुपये, दर वर्षाअखेरीस देय. कर्जाचा दर ९ टक्के धरला, तर सुरुवातीचे दायित्व ३८,८९,६५१ रुपये होते. पहिल्या वर्षी त्यावर ३,५०,०६९ रुपये व्याज चढते, १० लाख दिले जातात, आणि ३१ मार्च २०२५ रोजी ३२,३९,७२० रुपये उरतात. त्या दिवशीची टीप अशी दिसेल:

| मुदत | रक्कम (रुपये) |
|---|---|
| एक वर्षाच्या आत | १०,००,००० |
| एक ते पाच वर्षे | ३०,००,००० |
| पाच वर्षांनंतर | – |
| एकूण (सवलतदर न लावता) | ४०,००,००० |
| वजा : पुढील व्याज | ७,६०,२८० |
| ताळेबंदातील दायित्व | ३२,३९,७२० |

शेवटच्या दोन ओळींची सक्ती इंड एएस ११६ भाडेकरूवर करत नाही. तरी त्या दिल्याच पाहिजेत असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, कारण त्यांच्याशिवाय वाचकाला तक्ता ताळेबंदाशी जुळवता येत नाही.

चूक बहुतेक वेळा इथेच होते. तक्त्याची बेरीज ताळेबंदातील दायित्वाशी तंतोतंत जुळत असेल आणि लीज अनेक वर्षांचे असेल, तर रकमा वर्तमान मूल्याने भरल्या आहेत असे समजावे. दुसरी गफलत चालू दायित्वाची. तक्त्यात पहिल्या वर्षासमोर १० लाख असले, तरी ताळेबंदाच्या चालू भागात ७,०८,४२५ रुपयेच येतात; उरलेले २,९१,५७५ रुपये पुढील वर्षाचे व्याज असून ते अजून चढलेले नाही. चालू भागात पूर्ण १० लाख दाखवले, तर बिगरचालू भाग २,९१,५७५ रुपयांनी कमी पडतो आणि चालू गुणोत्तर बिघडते.

मुदतींचे गट किती पाडायचे हे मानक ठरवून देत नाही. ते कंपनीच्या विवेकावर सोडले आहे. वर दिल्यासारखे तीन गट प्रचलित आहेत, पण ‘एक ते पाच वर्षे’ हा गट फार रुंद आहे: तीस लाख तीन वर्षांत समान द्यायचे की बहुतेक शेवटी, हे त्यातून कळत नाही. भाड्याने देणाऱ्याला अशी मोकळीक नाही. त्याला पहिल्या पाच वर्षांपैकी प्रत्येक वर्षाची येणी स्वतंत्र दाखवावी लागतात. लीज दायित्वाचा तक्ता बँककर्ज व इतर देण्यांच्या तक्त्यात मिसळूनही चालत नाही.

तक्त्यात जे येत नाही, ते मजकुरात सांगावे लागते. मॉलमधील दुकानाचे भाडे ‘मिनिमम गॅरंटी किंवा विक्रीचा ठरावीक टक्का, यांपैकी जास्त’ असे असेल, तर हमीची रक्कम दायित्वात येते. विक्रीवर अवलंबून असलेले जादा भाडे येत नाही, ते त्या त्या वर्षी खर्चात जाते. सही झालेली पण ताबा न मिळालेली जागा, किंवा मुदतवाढीचा न धरलेला पर्याय, यांतून मोठी रक्कम जाऊ शकत असेल तर तेही सांगायचे.

मुदतीचा प्रश्न महाराष्ट्रातील लीव्ह अँड लायसन्स करारांत नेहमी येतो. करार अकरा महिन्यांचा आहे म्हणून लीज आपोआप अल्पमुदतीचे ठरत नाही. नूतनीकरणाचा हक्क असेल आणि कंपनीने आतल्या फिटिंगवर मोठा खर्च केला असेल, तर ती जागा सोडणार नाही हे जवळपास निश्चित असते. मग मुदत जास्त धरावी लागते. म्हणूनच लेखापरीक्षक करारातील लॉक-इन आणि नोटिशीच्या कलमांबरोबर फर्निचरच्या घसाऱ्याची वर्षेही पाहतो. फर्निचर सहा वर्षांत उतरवले जात असेल आणि लीज अकरा महिन्यांचे दाखवले असेल, तर तक्त्यातून पाच वर्षांचे भाडे गळाले असण्याची शक्यता मोठी.

टीपेत वापरहक्काच्या मालमत्तेचा वर्गवार घसारा, लीजवरील व्याज आणि वर्षभरात लीजपोटी गेलेली एकूण रोख रक्कमही द्यावी लागते. वरच्या कंपनीत घसारा ७,७७,९३० आणि व्याज ३,५०,०६९ मिळून पहिल्या वर्षी नफातोटा पत्रकात ११,२७,९९९ रुपये पडतात, तर रोख १० लाखच जाते. व्याज घटत गेल्यामुळे शेवटच्या वर्षांत हा खर्च भाड्यापेक्षा कमी होतो.